बाबांच्या लॅपटॉपची पाळी

चंद्रपुरातल्या आमच्या फोटो स्टुडिओत वाय-फाय आलं आणि लग्नाचे फोटो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर बिनतारी जाऊ लागले. पण मधेच सगळंच रांगायला लागायचं. मग काउंटरवर गिऱ्हाइकांना फोटो दाखवता दाखवता बाबा ओरडायचे, "कोण एवढ्या मोठ्या फायली ओढून राह्यला रे?" बोलणी आम्हा भावांना बसायची.

एकदा वैतागून मी बाबांच्याच लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, आणि सगळे कॉम्प्युटर पळायला लागले! त्यातलं वाय-फायचं कार्ड अगदी जुन्या पद्धतीचं होतं. वाय-फाय म्हणजे गावातली एकच हापशी, पाळीपाळीनं भरायची. बाबांची सुरई अरुंद तोंडाची. पाणी घागरीएवढंच, पण भरायला वेळ कितीतरी जास्त, आणि तोवर मागची रांग ताटकळत उभी.

मी त्यांच्या लॅपटॉपला वाय-फायऐवजी नेटवर्कची तार जोडून दिली. "मले एकट्यालेच काऊन बांधून ठेवलं?" म्हणून ते रुसून बसले.

आता काउंटरवर बाबा नाहीत. स्टुडिओत सगळं झपाझप चालतं. कधीतरी वाटतं, पुन्हा रांगावं मेलं सगळं. काउंटरवरून कुणी ओरडलं तरी असतं.