परिच्छेदाच्या शेवटचा कंस

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी लघुशोधप्रबंध लिहीत होते. विषय मीच निवडला होता: धानाच्या शेतात साप चावून होणारे मृत्यू आणि त्यांना मिळणारा उपचार. हाच विषय का, असं मार्गदर्शक सरांनी एकदा विचारलं. आमच्या भागात हे होतं म्हणून, एवढंच मी म्हणाले. माझी आई रोवणीच्या दिवसांत साप चावून गेली, हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हळू आवाजात बोलायला लागले असते, आणि मला ते नको होतं.

आई गेली तेव्हा मी दहावीला होते, आश्रमशाळेच्या वसतिगृहात. मला घरी आणलं तोवर सगळं आटोपलं होतं. नेमकं काय झालं ते मला कोणी सांगायला बसलं नाही, बायका रडता रडता जे बोलल्या त्यातून कळलं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असं सगळेच म्हणत होते. तेरवीला मामांनी चारचौघांत विषय काढला. जावयानं आधी वैदूचं दार गाठलं, तिथं वेळ घालवला, म्हणून माझी बहीण गेली, असं ते म्हणाले. बाबा खाली मान घालून पत्रावळ्या उचलत होते, ते उचलतच राहिले. त्यानंतर मामा आमच्या घरी आले नाहीत. मीही बाबांना कधी काही विचारलं नाही. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. तिथं दोघांनीच राहायचं असलं तर काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या असतात.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणजे आधीच्या लोकांनी काय लिहिलंय त्याचा आढावा. ते मी गोंदियाला, कुडव्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर बसून लिहिलं आणि सरांना पाठवलं. मला वाटलं होतं, ते खूश होतील. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात दोन-तीन लेखकांची नावं आणि सालं होती, दिसायला अगदी पुस्तकातल्यासारखी.

फाईल परत आली ती समासातल्या शेऱ्यासकट. शेरा सर्पदंशाच्या उपचारावरच्या परिच्छेदाला होता. सरांनी लिहिलं होतं:

‘या परिच्छेदात चार वेगवेगळी विधानं आहेत आणि तिन्ही संदर्भ शेवटी एकाच कंसात कोंबले आहेत. कोणतं विधान कोणाकडून घेतलं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्रत्येक विधानाला लागून त्याचा संदर्भ दे. संदर्भ लावताना मूळ मजकूर पुन्हा उघडून बघ, तो खरंच तेच म्हणतो का. ज्याला संदर्भ सापडणार नाही ते तुझं स्वतःचं निरीक्षण असेल तर तसं सांग. नसेल तर काढून टाक. बाकीच्या परिच्छेदांतही हेच झालंय.’

मला राग आला. हे टापटिपीचं काम आहे, असंच वाटलं. कंस उचलायचे आणि वाक्यावाक्यामागे ठेवायचे. मी बसले आणि ठेवायला लागले, तर पहिल्या वाक्यानंतरच हात थांबला. कोणता कंस कुठं ठेवायचा, हे मलाच ठाऊक नव्हतं. तिन्ही गोष्टी वाचून मी एका दमात परिच्छेद लिहिला होता, आणि लिहिताना सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन तिन्ही मजकूर परत काढले. माझं पहिलं विधान असं होतं की धानाच्या पट्ट्यात सर्पदंश पावसाळ्यात वाढतात. ते एका मासिकातल्या लेखात होतं, कंस तिथं बसला. दुसरं, विषावरचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकी जगण्याची आशा जास्त. ते वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात होतं, तोही बसला. तिसऱ्याला अडलं. मी लिहिलं होतं, हे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात उपलब्ध असतं. माझ्याकडची सरकारी पुस्तिका म्हणत होती, उपलब्ध ठेवावं. ‘ठेवावं’चं ‘असतं’ मी केलं होतं.

चौथं विधान होतं: नातेवाईक रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवतात, म्हणून मृत्यू होतात. ते मी पाठ्यपुस्तकात शोधलं, पुस्तिकेत शोधलं. मासिकातल्या लेखात मांत्रिकांचा उल्लेख होता, पण तो दुसऱ्या राज्यातल्या एका दवाखान्यातल्या रुग्णांबद्दल. त्यातले काही आधी मांत्रिकाकडे जाऊन आले होते, एवढंच त्यात होतं. म्हणून मेले, असं त्यानं कुठंच म्हटलं नव्हतं. उलट त्याच पानावर गाडी न मिळणं आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवणं हीसुद्धा उशिराची कारणं दिली होती. ती मी वाचली होती आणि माझ्या परिच्छेदात घेतली नव्हती.

मी सरांकडे गेले. विभागात ते एकटेच पेपर तपासत होते. चौथ्या विधानाला संदर्भ मिळत नाही, असं मी सांगितलं.

“मग हे तुला कुठून माहीत?”

“सगळेच म्हणतात, सर.”

“सगळे हा काही संदर्भ नाही,” ते म्हणाले. “शेवटच्या कंसात ते लपून गेलं होतं. तुझ्यापासूनसुद्धा.”

तेव्हा मी त्यांना आईचं सांगितलं. ते हळू आवाजात बोलायला लागले नाहीत, याचं मला बरं वाटलं. त्यांनी लाल पेन बंद करून ठेवलं आणि विचारलं, त्या दिवशी वडिलांनी काय केलं ते तुला माहीत आहे का. नाही म्हटलं. सरांचं म्हणणं असं होतं की आढाव्याच्या प्रकरणात ते येणार नाही. पण पुढं मुलाखतींच्या प्रकरणात बाकीच्या घरांसारखंच आपलंही घर घेता येईल. वडिलांची परवानगी हवी, नाव नको, आणि संशोधक त्याच घरातली आहे हे उघड लिहायचं. एका घरावरून सगळ्या घरांबद्दल काही सिद्ध होत नाही, हेही त्यांनी बजावलं.

शनिवारी मी गोंदियाहून गाडीनं गावी गेले. कापणी झाली होती. बाबा खळ्यावर धानाच्या भाऱ्या रचत होते. मीही हात लावला आणि भाऱ्या देता देता म्हटलं की कॉलेजच्या कामासाठी आईच्या त्या दिवसाचं विचारायचंय.

“कायले पाहिजे आता?” बाबा म्हणाले.

“मी एक वाक्य लिहिलं होतं. ते खरं आहे की नाही ते पाहायचं आहे.”

कोणतं वाक्य, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते भारीवरच बसले आणि तणसाची एक काडी मोडली. मग बोलले, एकदा सुरू झाल्यावर न थांबता.

साप धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चावला. कोणता ते कोणी पाहिलं नाही. आईचा पाय बांधून बाबा तिला पाठीवर घेऊन निघाले, ते वैदूच्याच घरी गेले हे खरं. पण ते औषधासाठी नाही. वाटेवरच्या घरांत मोटरसायकल फक्त त्याच्याकडे होती. त्यानं आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. पापण्या मिटत होत्या. हे माझ्या हातचं नाही म्हणाला आणि गाडी बाहेर काढली. आईला मधे धरून बाबा मागे बसले. आरोग्य केंद्रात नर्सबाई होती, डॉक्टर नव्हते आणि इंजेक्शन संपलेलं होतं. तिथून तालुक्याला गेले. तालुक्याला सलाईन लावलं आणि गोंदियाला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती, तिची वाट पाहावी लागली. सडक अर्जुनीच्या अलीकडे आईचा श्वास थांबला. तरी गाडी गोंदियापर्यंत गेली. तिथं कोणीतरी बाबांना म्हणालं, इतक्या उशिरा काऊन आणलं.

“अन् हे तुम्ही मामाले काऊन नाही सांगितलं?” मी विचारलं.

“वैदूच्या घरी गेलो होतो ना,” बाबा म्हणाले. “एवढं ऐकल्यावर पुढचं कोण ऐकते?”

लिहू का, असं मी विचारलं. लिही म्हणाले. वैदूचं नाव टाकू नको, त्यानं मदतच केली.

परत येताना मी मामांच्या गावी उतरले. त्यांनी चहा दिला, पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “हे तुला तुझ्या बापानंच सांगितलं ना?” आरोग्य केंद्राची चिठ्ठी घरी नव्हती, नर्सबाई केव्हाच बदलून गेल्या होत्या, वैदू दोन उन्हाळ्यांपूर्वी वारला होता. सर जो प्रश्न मला विचारत होते तोच मामा विचारत होते. मामांना तो विचारण्याचा हक्क होता, आणि त्यांना उत्तर नको होतं, हेही मला दिसत होतं. बसच्या थांब्यापर्यंत ते सोडायला आले. घरी कधी येता, असं मी विचारलं नाही.

प्रबंध पूर्ण झाला. तो परिच्छेद आता लहान होता. प्रत्येक वाक्याला लागून त्याचा कंस होता, ‘असतं’च्या जागी ‘ठेवावं, असं पुस्तिका सांगते’ असं होतं, आणि चौथं विधान गेलं होतं. मांत्रिकांबद्दल उरलं ते लेखात होतं तेवढंच, त्या एका दवाखान्यापुरतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, अंधश्रद्धेमुळे होणाऱ्या उशिराचा मुद्दा तुम्ही घेतलाच नाही, हे तर सर्वश्रुत आहे. मी म्हणाले, माझ्या वाचनात त्याला आधार सापडला नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं. परीक्षकांनी पान उलटलं आणि माझ्या तक्त्यांबद्दल विचारलं.

बांधलेली प्रत घेऊन मी घरी गेले. बाबांना अक्षरओळख आहे, पण छापील मजकूर सलग वाचायला त्रास होतो, म्हणून मीच मुलाखतींच्या प्रकरणातला आमच्या घरचा भाग वाचून दाखवला. ‘मृत महिलेच्या पतीच्या सांगण्यानुसार, आरोग्य केंद्रात इंजेक्शन उपलब्ध नव्हतं. पतीच्या सांगण्यानुसार, ॲम्ब्युलन्सची वाट पाहावी लागली.’ बाबांनी मला मधेच थांबवलं.

“सांगण्यानुसार म्हणजे का?”

“म्हणजे हे तुम्ही सांगितलं, असं. कोणी सांगितलं ते प्रत्येक वाक्याजवळ लिहावं लागते, बाबा.”

बाबांनी त्या छापील ओळीवर बोट ठेवलं.

“पण मी सांगितलं म्हणून नाही झालं ते,” बाबा म्हणाले. “तसंच झालं.”

ते बैलांना पाणी पाजायला उठून गेले. मी प्रत मिटून कपाटात कपड्यांखाली ठेवली.