उतारावरचा ट्रॅक्टर आणि गोधड्यांची कमान

माझ्या लाडक्या दोघांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, ट्रॅक्टरला चार मोठी चाकं असतात, मग तो पडतो कसा?" मी सांगायला लागले आणि चित्र अडकलं. तुमचे चेहरे अर्धे हललेले, तोंडं उघडी. मग फोन बंदच झाला. तुमच्याकडे शाळेची वेळ झाली असणार. मी थोडा वेळ फोन हातात धरून बसले आणि ठरवलं की हे लिहूनच काढावं. तुमचं सगळं शिक्षण इंग्रजीतून चाललंय, पण हे जसं घडलं तसं मराठीतच घडलं. आईबाबांना वाचून दाखवायला सांगा.

आत्ता लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. तुमचा काका, म्हणजे आजोबांचा पुतण्या, या आठवड्यात पहिल्यांदा काठीशिवाय ओट्यापर्यंत चालत आला. चहा घेताना त्याने त्या सकाळचं सगळं सांगितलं. इतके दिवस तो ते टाळत होता.

आपला मळा नाशिकहून कळवणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. घराच्या समोर द्राक्षाचा मांडव, मागे टेकडी. आजोबा गेल्यापासून घरात मी एकटी. काकाची बायको मुलांच्या शाळेसाठी नाशिकला राहते, तोही इथे एकटाच. रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवते. तो काम उरकून फाटकाशी ट्रॅक्टर उभा करतो, ओट्यावर बसून चहा पितो आणि जातो. आमचं बोलणं फार नसतं. "काकू, साखर कमी झाली आज," एवढं तो म्हणतो. पण कित्येक दिवस माझ्याशी बोलणारं माणूस तेवढंच असतं.

आता ट्रॅक्टरबद्दल. द्राक्षाच्या मांडवात वर तारा आणि लोखंडी अँगल असतात. त्यांच्याखालून जायला बुटका, अरुंद ट्रॅक्टर लागतो. दोन ओळींमधून जावा म्हणून त्याची मागची चाकंही आत घेतलेली असतात. चालकाच्या सीटमागे एक लोखंडी कमान येते. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीला टेकते आणि माणूस चिरडत नाही. पण ती मांडवाच्या तारांना अडकते. म्हणून आमच्या भागात बहुतेक जण ती काढूनच टाकतात. काकानेही नट खोलून ती काढली होती आणि माझ्या परसात भिंतीला टेकवून ठेवली होती. मजबूत, गुळगुळीत, उंचीही बरोबर. मी तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

त्या दिवशी तो मांडवात नव्हता. टेकडीच्या पायथ्याशी आपला जो उताराचा तुकडा आहे, तिथे त्याने सीताफळाची रोपं लावली होती. तिथे पाइप पोचत नाही. म्हणून फवारणीच्या ब्लोअरची टाकी स्वच्छ धुऊन, तिच्यात पाणी भरून, तो नळीने रोपांना देत होता. टाकी ट्रॅक्टरच्या मागे, उचलून धरलेली असते. दगडांना घासू नये म्हणून त्याने ती आणखी वर घेतली होती. शिवाय तो उताराला आडवा चालवत होता, रोपांच्या ओळी आडव्या होत्या म्हणून.

"टाकी भरलेली व्हती तवर काय नाय झालं," तो परवा म्हणाला. "अर्धी झाल्यावर पाणी डुचमळायला लागलं. ट्रॅक्टर कलला की सगळं पाणी खालच्या अंगाला पळायचं. मला जाणवत व्हतं, काकू. पण दोनच ओळी राहिल्या व्हत्या."

वरच्या बाजूचं मागचं चाक गवतातल्या धोंड्यावर चढलं. त्याच वेळी खालचं चाक आदल्या दिवशी पाणी दिलेल्या एका आळ्यात रुतलं. पाणी खाली आलं आणि ट्रॅक्टर गेला. "उडी मारायची तर वरच्या अंगाला, हे मला कवाच ठाऊक हाय," तो म्हणाला. "पण जमीन ज्या बाजूला जवळ दिसती, पाय तिकडंच पडतो."

तो खालच्या बाजूला पडला आणि ट्रॅक्टर त्याच्या मागोमाग.

मी स्वयंपाकघरात होते. ट्रॅक्टरचा आवाज एकदम मोठा झाला, मग धाडकन, आणि मग इंजिन चालूच, पण हलत नसल्यासारखं. आधणाखालचा गॅस बंद करून मी निघाले. तो बंद केला हे मला का आठवतं कोण जाणे. चढ चढताना चप्पल सुटली ती तिथेच राहिली.

ट्रॅक्टर डाव्या कुशीवर आडवा होता. काकाचा डावा पाय गुडघ्याखाली मडगार्डखाली सापडला होता. बाकीचा तो मोकळा, उताणा. मागची टाकी बांधाच्या एका मोठ्या दगडावर अडकली होती, आणि तेवढ्यामुळेच ट्रॅक्टर पूर्ण पालथा झाला नव्हता.

"काकू, खालच्या अंगाला येऊ नका," हे त्याचं पहिलं वाक्य. "वरून या. स्टेअरिंगच्या बाजूला काळी मूठ हाय, ती ओढा. बंद करा त्याला."

मी आयुष्यात त्या ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. पहिल्यांदा ओढली ती मूठ नव्हतीच, दुसरंच काही. दुसऱ्यांदा सापडली. इंजिन थांबलं आणि सगळ्या टेकडीवर इतकी शांतता पसरली की डिझेल टपकताना ऐकू येत होतं.

मोबाइल माझ्या कमरेच्या पिशवीत होता. तुमच्या बाबांच्या हट्टाने मी तो तिथे ठेवते. आधी एकशेआठला फोन केला, रस्त्यावरचं वळण सांगितलं. मग शेजारच्या मळ्यातल्या आबांना. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी त्याच्या डोक्याशी बसले. त्याने पाणी मागितलं. पुढे ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं, म्हणून मी जवळ पडलेल्या त्याच्या बाटलीतल्या पाण्याने फक्त पदर ओला करून त्याच्या ओठांना लावला. पदराने त्याच्या चेहऱ्यावर सावली धरली.

"काकू, चहा राहिला आज."

"ठेवलाय. आधण तयार आहे."

"मग झालं," म्हणाला आणि डोळे मिटले. मी त्याला मिटू देईना. त्याच्या मुलांची नावं विचारली, रोपांची संख्या विचारली, काहीबाही. खाली आपलं घर दिसत होतं, परसात माझी निळी गोधडी कमानीवर. मी तिच्याकडे बघत बोलत राहिले. दुसरं कोणी नव्हतं. टेकडीवर फक्त आम्ही दोघं आणि तो कलंडलेला लोखंडाचा डोंगर, आणि मला वाटत होतं की हा गेला तर उद्या सकाळी कुठलाच आवाज येणार नाही.

आबा आपला ट्रॅक्टर घेऊन आले, सोबत दोन गडी. येताच म्हणाले, "अरे गड्या, ट्रॅक्टर झोपवायला तुला हीच जागा घावली व्हय?" लगेच त्यांनी साखळी काढली. "वढून उभा करू, एका झटक्यात."

"आबा, वढू नका!" काका ओरडला. "टाकी दगडावर टेकलीय. ती सुटली तर हा सगळा माझ्या अंगावर येईल."

"मग काय बघत बसू?"

"आबा," मी म्हटलं, "त्याचं ऐका. अंगावर ओझं कसं आहे ते त्यालाच कळतंय."

आबा माझ्यावर चिडले. "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा." मग खाली वाकले, टाकीखालचा दगड पाहिला आणि साखळी खाली ठेवली.

त्यानंतर सगळं हळूहळू झालं. आबांनी आपला ट्रॅक्टर उताराच्या वरच्या अंगाला उभा केला, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. साखळी ताणून बांधली, पण ओढली नाही. ती फक्त धरून ठेवायला होती. गड्यांनी मडगार्डखाली आणि टाकीखाली दगड आणि मांडवाचे जुने लाकडी खांब कोंबले. एकाने बॅटरीची तार सोडली. डिझेलवर माती टाकली. दुसऱ्याने सवयीने खिशातून बिडी काढली तर आबांनी ती हातातून हिसकावून फेकली.

मग पायाखालची माती खणायला सुरुवात झाली. ट्रॅक्टर उचलायचा नाही, पाय ओढायचा नाही, खालची जमीनच काढून घ्यायची. मुरूम कडक होता. आधी कुदळ, पायाजवळ आल्यावर खुरपं, आणि शेवटी आबांनी हातांनीच. त्यांची नखं फुटली.

रुग्णवाहिकेबरोबर आलेली डॉक्टर तरुण मुलगी होती. खड्डा जवळजवळ झालाच होता. आबा म्हणाले, "झालं, काढतो बाहेर." तिने थांबवलं. पाय बराच वेळ दबलेला असला की मोकळा होताच आतलं विष रक्तात येतं आणि हृदयाला, मूत्रपिंडाला धोका होतो, म्हणून आधी सलाइन. आबा पुटपुटले, "आता ह्यो नवा उशीर." पण थांबले. सलाइन सुरू झाल्यावर, पायाला फळी बांधून, सगळ्यांनी मिळून त्याला खड्ड्यातून सरकवत बाहेर काढलं. तो एकदाच ओरडला.

रुग्णवाहिकेत एकाच माणसाची जागा होती, म्हणून आबा त्याच्याबरोबर गेले. त्याच्या बायकोला फोनवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी एकटी उतरले. वाटेत माझी चप्पल सापडली. घरात आधण गार झालेलं होतं.

नंतरचे दिवस मी तुम्हाला फोनवर सांगितले नाहीत, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. तो नाशिकच्या दवाखान्यात, पायात सळई. मांडवाची फवारणी आबांचे गडी करून जात, त्यांच्या ट्रॅक्टरने, त्यांच्या वेळेने. सकाळी मी सवयीने दोन कपांचं पाणी ठेवायची आणि एक कप ओतून द्यायची. एकदा परसातल्या त्या कमानीवरून गोधडी काढली आणि पुन्हा घातली नाही. दोरी बांधली.

ट्रॅक्टर दुरुस्त झाला. कमान परत लागली. तिला आता मधे बिजागरी आणि खिळा बसवून घेतलाय. मांडवात शिरताना खाली पाडायची, बाहेर पडलं की उभी करून खिळा घालायचा आणि सीटचा पट्टा कमरेला बांधायचा. आबा येता-जाता चिडवतात, "काय रे, हेलिकॉप्टर चालवणार हायस काय?" पण त्यांनीही आपली कमान शोधून काढली आहे. ती त्यांच्या गोठ्यात म्हशीचं दावं बांधायला वापरलेली होती. उताराच्या तुकड्यात आता ट्रॅक्टर जात नाही, आबांच्या गड्यांनी तिथवर पाइप नेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की चार चाकं असूनही तो पडतो, कारण पाणी, दगड आणि उतार एकाच वेळी एका बाजूला होतात.

काकाचा पाय आहे, थोडा आखूड. सीताफळाची बरीचशी रोपं जगली आहेत. खणलेला खड्डा अजून बुजवलेला नाही. आज सकाळी काकाचा ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला, आणि मी आधण ठेवलं.