नाना डॉक्टरांची सही आणि आमचा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप

तेव्हा मी जळगावला बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्याइतकी हुशार मुलगी खानदेशात दुसरी नाही, असं माझं ठाम मत होतं. प्रोजेक्ट होता इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपचा. जोडीदार धुळ्याचा. सोल्डरिंग झकास करायचा, पण तोंडाला कुलूप नव्हतं.

साध्या स्टेथोस्कोपची छातीवर ठेवायची चकती घेतली, नळी वीतभर ठेवून कापली आणि तिच्यात बारकासा माइक बसवला. माइककडून येणारा सिग्नल अगदीच मरतुकडा, म्हणून आधी एक अॅम्प्लिफायर. मग फिल्टर. हृदयाचे ठोके जाड, खालच्या आवाजाचे. तेवढे दोनशे हर्ट्झपर्यंतचे पुढे सोडायचे आणि वरची बडबड अडवायची. फुप्फुसांचा आवाज त्याहून वर जातो, म्हणून एक खटका ठेवला. तो दाबला की फिल्टर हजारापर्यंत मोकळा. शेवटी हेडफोन वाजवणारा दुसरा अॅम्प्लिफायर. आधी हौसेनं स्पीकर लावला होता. त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरला आणि अशी किंकाळी उठली, की शेजारच्या वर्गाला वाटलं, आम्ही कुणाला तरी कापतोय!

सगळं चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. चालू असल्याचा दिवा लावू या, असं मी म्हणत होते. जोडीदार म्हणाला, "दिवा कशाला? सेल खातो नुसता." मीही ऐकलं. माझीच अक्कल!

परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला. सरांनी बजावलं होतं, डॉक्टरनं वापरून सही दिल्याशिवाय परीक्षेला उभं करणार नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पाचोऱ्याला आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा. पंच्याहत्तरीचा माणूस, आवाज खणखणीत.

दवाखाना रिकामा झाल्यावर नानांनी जोडीदाराला शर्ट काढून बाकावर बसवलं. जाडजूड हेडफोन कानावर चढवले, चकती त्याच्या छातीला लावली, डोळे मिटले आणि मान डोलवू लागले.

"वा! काय स्पष्ट! लब-डब, लब-डब. एकदम निरोगी हृदय आहे रे तुझं."

मला तर आकाश ठेंगणं झालं. नानांनी तिथल्या तिथे कागद ओढला, 'आवाज अतिशय स्पष्ट' असं लिहिलं आणि लांबलचक सही ठोकली. कागद ठेवायला मी पर्स उघडली, तर आत नऊ व्होल्टचे दोन्ही सेल! प्रवासात उतरू नयेत म्हणून मीच काढून ठेवले होते.

मी जोडीदाराकडे बघितलं, त्यानं सेलांकडे. मी डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणतेय तोवर हा ओरडलाच, "नाना, सेल ते आठेच शेतस!" सेल इथेच राहिलेत, असं थेट त्याच्या अहिराणीत.

नाना हसून म्हणाले, "हो हो, पेढे आणा मग."

हेडफोन त्यांच्या कानावरच होते, पण मला ते कारण पुरेना. लहानपणापासून या माणसानं माझी छाती तपासली होती. कधीपासून ऐकू येत नसेल? मला रडूच येऊ लागलं. सही तर मिळाली होती. उठून निघून जाता आलं असतं. खरं सांगते, तसं मनात आलंही. मग मी डबा उघडला, सेल जोडले आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

नेमकं तेव्हाच जोडीदाराला हसू फुटलं. चकती त्याच्या छातीवरच! ते हसणं नानांच्या कानात गडगडलं असणार, कारण नाना खुर्चीसकट मागे सरकले आणि हेडफोन नाकावर आले. "अरे मेलो! काय भरलंय काय या पोराच्या पोटात?"

मी आवाज कमी केला. जोडीदारानं कसंबसं हसू गिळलं. नानांनी पुन्हा चकती टेकवली. या वेळी मान डोलली नाही. चकती थोडी सरकवली, पुन्हा ऐकलं. मघाशी डब्यात सेलच नव्हते, हे आता त्यांना कळलंच होतं. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी फक्त कंपाउंडरला हाक मारली.

"सकाळपासून जेवढे पेशंट गेले, तेवढे परत बोलव."

"नाना, बठ्ठा बाजारमा गयात! कोन्ले कोन्ले बलाऊ?"

"सगळ्यांना. मी आज कुणाचीच छाती ऐकलेली नाही."

कंपाउंडर सायकल काढून सुटला. डबा तर आम्हाला परीक्षेला हवा होता, पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. नानांनी डबा मांडीवर ओढून घेतला आणि विचारलं, "पोरी, फुप्फुसांचा खटका कुठला?"

मी दाखवला.