वकील नावाचा बैल आणि न बोललेलं एक वाक्य

ती घटना माझ्या मनातून जात नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक कारण बैल. दुसरं कारण वर्तमानपत्रातला फोटो. फोटोचं शेवटी सांगतो, कारण तो विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि बायको आतून खिडकी लावून घेते.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत सहायक निरीक्षक झालो. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा हात डोक्यावर नाही. नोकरीची शेवटची वर्षं चाकणच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात गेली. तिथल्या फिर्यादी ठरलेल्या असत. कंपनीच्या गेटसमोरून मोटारसायकल गेली, ट्रकची बॅटरी गेली, शिफ्ट सुटल्यावर मारामारी झाली. त्यामुळे एका दुपारी ठाणे अंमलदार येऊन म्हणाला, "साहेब, वकील चोरीला गेलाय," तेव्हा मी म्हणालो, "वकिलाचं अपहरण होतं, चोरी होत नाही. नीट बोल."

वकील हा शर्यतीचा बैल होता. वासरू असताना काहीही पुढे केलं की मान हलवून नकार द्यायचा, म्हणून गावाने हे नाव ठेवलेलं. माणसांची नावं मी सांगणार नाही, गावात त्यांना ज्या नावाने हाक मारत तेवढंच सांगतो. बैल मूळचा तात्यांचा. बैलगाडा शर्यतींवर बंदी होती तेव्हा तात्यांनी तो शेजारच्या गावातल्या, गाळे भाड्याने देणाऱ्या एका शेठला विकला. पुढे बंदी उठली आणि वकील घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, असा पळाला की लोक शेठला बैलाच्या नावाने ओळखू लागले. जत्रा आठवड्यावर आली होती आणि गोठा रिकामा होता. शेठच्या घरी पुतण्याचा साखरपुडा होता, सगळे मांडवात जेवत होते, आणि भर दुपारी कुणीतरी बैल सोडून नेला.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. दावं कापलेलं नव्हतं, गाठ सोडलेली होती. दोन कुत्री होती, भुंकली नव्हती. शेठ सांगत होता की हा बैल अनोळखी माणसाला शिंगावर घेतो. रस्त्यावरच्या एका कंपनीच्या कॅमेऱ्यात चित्रण सापडलं. डोक्यावर टॉवेल घेतलेला माणूस पुढे, बैल मागे. चेहरा दिसत नव्हता, पण कासरा दिसत होता. तो सैल होता. बैल ओढला जात नव्हता, आपणहून चालला होता.

संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तात्याला घ्या. बैल विकला त्या दिवशी तो पोरासारखा रडला होता. अख्ख्या गावाने बघितलंय."

तात्यांना बोलावलं. त्यांच्यासोबत त्यांचे चुलतभाऊ नाना आले. बारीक अंगाचा, गळ्यात तुळशीची माळ, कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. ते बाहेर बाकावर बसले. मी तात्यांना आत घेतलं आणि टेबलावर हात आपटला. ही माझी सवय होती, तिचा उपयोगही होत असे.

"बैल कुठाय?"

"मला ठावं न्हाई, साहेब."

"विकताना रडला होता की नाही?"

"रडलो की. पंधरा दिवस भाकरी गोड लागली न्हाई. रात्री उठून रिकाम्या गव्हाणीत हात घालायचो." तात्या शांत होते. "स्वतःच्या हातानं कासरा दिला, ते डोळ्यांपुढून हलंना. तिसऱ्या दिवशी शेठकडं जाऊन म्हणलो, सौदा मोडा. त्यांनी न्हाई म्हणलं."

"मग?"

"मग काय? केलं ते केलं. शेठला म्हणलं, मला दर रविवारी येऊ द्या. गूळ घेऊन जातो, नानाबी संगं असतो. त्याच पैशावर लेकीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. घाटात शेठ मला फेटा बांधतो, म्हणतो हा पहिला मालक. आता कुणी विचारलं तर म्हणतो, चुकलो, पण वाया न्हाई गेलं. साहेब, केल्या चुकीला काहीतरी करता येतं. माफी मागता येती, फेरी मारता येती."

चोर खोटं बोलतो तेव्हा दुःख वाढवून सांगतो किंवा पुसून टाकतो. तात्यांनी दुःख कसं कमी होत गेलं ते पायरी पायरीने सांगितलं होतं. एवढं रचून सांगता येत नाही.

"त्या वेळी समजूत कुणी काढली?" मी सहज विचारलं.

"नानानं. तो एकदम निवांत होता. म्हणायचा, गेला तर गेला, सुटलास. आता मात्र उलटं झालंय. घाटात वकील पळतो तवा मी ओरडतो, आन् हा उठून घरी जातो."

मी भाव करणारा माणूस आहे. मंडईत माझी ख्याती आहे. कांदेवाला मला लांबून बघून भावाची पाटी फिरवतो. त्या धंद्यातून मी एक गोष्ट शिकलो होतो. एखादी वस्तू महाग घेतली की घरी येईपर्यंत जीव जळतो, पण आठवड्याने आपण तिचे गुण सांगायला लागतो. पण जी आवडली होती, आणि रुबाबात सोडून पुढे गेलो, ती सोडताना आपण जिंकलेलो असतो. ती टोचायला लागते वर्षांनी. तेव्हा का सोडली ते आठवत नाही, फक्त ती वस्तू आठवते. आणि आठवणीत तिला कधी गंज चढत नाही.

विकणाऱ्याचा पस्तावा विझला होता. मग ज्याला त्या वेळी पस्तावाच नव्हता, त्याचं आज काय झालं असेल?

मी बाहेर आलो. नाना बाकावर माळेचा मणी चोळत होते.

"नाना, चहा घेणार?"

"मला कशाला विचारताय साहेब? मी काय केलंय?"

"काही केलं नाही तुम्ही. तेच म्हणतोय."

त्यांनी मान खाली घातली. त्या क्षणी माझी खात्री झाली, पण खात्रीवर कोर्ट चालत नाही. दोघांना सोडलं आणि हवालदाराला साध्या कपड्यांत गावात पाठवलं. शर्यतीच्या बैलाला नुसता कडबा पुरत नाही. त्याला दूध लागतं, उडदाची डाळ लागते, कच्ची अंडी लागतात. जत्रा तोंडावर असताना खुराक तुटला तर बैल ढिला पडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चोराने चार दिवस साधा चारा घातला असता तर आम्ही अजून शोधत असतो. पण माया असलेल्या माणसाला ते जमत नाही.

हवालदार दुसऱ्या दिवशी हसत आला. "साहेब, चौकातला अंडेवाला विचारतोय, नानांनी माळ उतरवली का? दोन दिवस झाले, ट्रे नेतायत. म्हणतात पाहुणे आलेत."

पाहुणा बंद पडलेल्या वजनकाट्याच्या शेडमध्ये होता. आम्ही पोहोचलो तेव्हा नाना बादलीत अंडी फोडत होते आणि वास सहन होत नाही म्हणून तोंड बाजूला वळवून धरलं होतं. मला बघून ते पळाले नाहीत. म्हणाले, "एवढी बादली संपू द्या."

आम्ही थांबलो. बादली संपली.

ठाण्यात जबाब घेताना मी टेबलावर हात आपटला नाही. विचारलं, "तुमचा बैल नव्हता. मग का?"

"वासरू असताना मीच पाजायचो त्याला, बाटलीनं. तात्या इकायला निघाला तवा मी तिथंच हुतो. एकच बोलायचं होतं, थांब, मी सांभाळतो. ओठावर आलं हुतं."

"मग बोलला का नाही?"

"कारणं होती की. बंदी हुती. गोठ्याला भिंत नव्हती. बायकोचा गुडघा. पोरगा म्हणाला असता, म्हातारा खुळावला. त्या वक्ताला ही कारणं डोंगराएवढी दिसायची. बोललो न्हाई, तर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? ब्याद टळली वाटलं." त्यांनी माळेचा मणी चोळला. "आता बघतो तर काय? भिंत चार दिवसांत झाली असती. पोरगा तर आता सोताच शर्यती बघतो. कारणं गेली साहेब सगळी, आन् बैल ऱ्हायला. त्यो माझ्या दारात असता तर काय काय झालं असतं, त्याला शेवटच न्हाई. रोज नवीन काहीतरी दिसतं. तात्यानं गूळ चारून बैलाची माफी मागितली. मी कुणाची मागू? मी तर कायच केलं न्हाई."

"आणि आता चोरी केलीत, त्याचा पस्तावा?"

"व्हय, हुतोय. लय हुतोय. पोटात आग पडलीय कालपासनं. तात्याला ठाण्यात बसवलं माझ्यापायी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण ही आग इझंल, साहेब. ते दुसरं इझत नव्हतं."

हा जबाब मी जसाच्या तसा लिहून घेतला.

बैल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बांधला. ठाणे अंमलदार प्रत्येक येणाऱ्याला सांगायचा, "बसा, वकील हजर आहेत." पण वकिलाने सकाळपासून तोंडाला काही लावलं नव्हतं. शेठ आला, तावातावाने म्हणाला, "साहेब, त्या म्हाताऱ्याला आत सडवा."

मी त्याला झाडाखाली नेलं. "शेठ, बैलाला आधी खायला घाला."

शेठने बादली धरली. वकिलाने मान हलवली. मग मी नानांना बाहेर आणायला सांगितलं. तीच बादली, त्यांनी धरली, आणि बैलाने तळ चाटून काढला. शेठने रिकाम्या बादलीत डोकावून बघितलं.

आता मी माझ्या धंद्यावर आलो. "गुन्हा दाखल आहे, तो मी पुसणार नाही. कोर्टाकडून बैल ताब्यात मिळायचा अर्ज तुम्ही आजच करा, जत्रेआधी सुटेल. पुढे कोर्टात तडजोड करायची की नाही, तो हक्क मालकाचा, तुमचा. मी सांगणारा कोण? पण असा खुराक घालणारा माणूस तुम्ही पगार देऊन ठेवायला गेलात तर मिळेल का?"

"साहेब, तुम्ही चोराची भलामण करताय."

"भाव करतोय. जमत नसेल तर सोडा. पण सोडल्यावर वर्षांनी काय होतं, ते समोर उभं आहे."

शेठ हसला नाही, पण त्याने नानांना विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ शकता, नाना?"

कोर्टात तडजोड झाली. जत्रेत वकील पळाला, तात्या ओरडले, आणि या वेळी नाना उठून घरी गेले नाहीत.

आता फोटो. बैल परत मिळाल्याची बातमी छापून आली. फोटोत गळ्यात हार घातलेला बैल, शेजारी आमचे नव्याने आलेले साहेब, ज्यांना वकील कोण ते बातमी वाचून कळलं. आणि कडेला कासरा धरलेला एक हात. तो हात माझा. बाकीचा मी कापला गेलो. मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन नको तेवढं बोललो, मेमो घेतला, दोन रात्री झोपलो नाही. मग साहेबांसोबत चहा झाला आणि ते मिटलं. आज तो किस्सा मी हसून सांगतो. फोटोचं मात्र कितीतरी वर्षं मिटलं नाही, कारण त्या बाबतीत मी काहीच केलं नव्हतं, अख्खा फोटो आहे का एवढंही कुणाला विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी आकुर्डीला राहायला आलो, तिथून एकदा मुद्दाम नानांच्या गावात गेलो. वकील पळायचा थांबला होता आणि शेठने तो नानांच्या दारात आणून बांधला होता. गोठ्याला नवी भिंत होती.

"काय नाना, चोरीचं काही मनात?"

"कसली चोरी?" नाना तोंडभर हसले. "लग्नात पोरं मलाच सांगायला लावत्यात. अंड्याचं तर लय हसत्यात."

"मग आता बरं ना? बैल दारात आला."

ते वकिलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "आला की. पण पळायची वर्षं दुसरीकडं गेली, साहेब. ती आणून बांधता येत न्हाईत." मग म्हणाले, "थांब. एवढाच तर शब्द हुता."

परतताना बसमध्येच मी त्या फोटोग्राफरचा नंबर मिळवला आणि फोन केला. तो म्हणाला, अख्खा फोटो आहे, पाठवतो. एवढंच होतं. तो आता आमच्या भिंतीवर आहे. त्यात साहेब आहेत, मी आहे, आणि माझ्या मागे, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे असलेले नाना आहेत. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

मंडईत मी भाव अजूनही पाडतो. पण मनात भरलेली वस्तू सोडून रुबाबात पुढे जाणं मी बंद केलं आहे. कांदेवाल्याला हे अजून कळलेलं नाही, आणि कुणी सांगू नये.