सात म्हणींना एकच सदरा

माझी मावशी कोर्टात कागदपत्रांचं भाषांतर करायची. निवृत्त झाल्यावर तिने आजोबांनी जमवलेल्या सहाशे म्हणी इंग्रजीत आणायला घेतल्या. प्रकाशकाला टिपा नको होत्या. प्रत्येक म्हणीला इंग्रजीतली तयार म्हण दिली तर पुस्तक दोनशे पानांत बसेल, असं त्याने बजावलं होतं. मावशीने तसंच केलं.

सूचीसाठी मी इंग्रजी म्हणी अक्षरक्रमाने लावल्या, तेव्हा एक म्हण सात वेळा आली. तिच्यासमोरच्या मराठी म्हणींत एक विहिरीची होती, एक सुनेची, एक चोराची.

मावशीने यादी वाचली. "सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवला की गं मी. बाबांनी कान उपटले असते."

तिने लगेच प्रकाशकाला फोन केला. आता शब्दशः भाषांतर आणि खाली टीप देणार, असं सांगितलं.

"बाई, पानं वाढतील. शंभर म्हणी गाळाव्या लागतील."

"गाळू. पण कोणत्या, ते मी ठरवणार."

फोन ठेवून तिने पेन्सिल घेतली आणि इंग्रजीशी हुबेहूब जुळणाऱ्या म्हणी खोडायला लागली.

"अगं, याच तर सोप्या होत्या," मी म्हणाले.

"म्हणूनच. इंग्रजी वाचणाऱ्यांना त्या आधीच ठाऊक आहेत."