पाचचा भोंगा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका संशयी माणूस पिंपरी-चिंचवडच्या पंचक्रोशीत झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. दाजी घराला कुलूप लावून रस्त्याच्या टोकापर्यंत जात आणि कुलूप ओढून बघायला परत येत. दूधवाल्याचं माप ते उलटं करून आतून चाचपत. एकदा ज्योतिषाने त्यांना दीर्घायुष्य सांगितलं, तर दाजींनी आधी त्याचाच हात बघायला मागितला. नव्या कारखान्यात त्यांना आलेला माल तपासायचं काम मिळालं, तेव्हा आमच्या घरात सगळे म्हणाले, की माणूस अखेर योग्य जागी लागला.

मी तेव्हा चिंचवडच्या गणेशोत्सवातल्या मेळ्यासाठी पदं लिहीत असे. दाजी तीही माल तपासल्यासारखी तपासत. एका पदात मी पुनवेच्या मध्यरात्री चंद्र उगवल्याचं लिहिलं होतं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, पुनवेचा चंद्र दिवेलागणीला उगवतो. मध्यरात्री उगवला म्हणता, तर मग ती वद्य अष्टमी. दोघांपैकी कोणतरी खोटं बोलतंय, चंद्र न्हाईतर तुमी." मी ओळ खोडली, पण दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

या स्वभावाचा घाव शेवटी घरातच बसला. अक्का पिंपळे गुरवला मैत्रिणीकडे गेली, आणि ती खरंच गेली होती का, हे दाजी त्या मैत्रिणीला विचारून आले. अक्काने त्याच दिवशी पेटी उचलली आणि माहेर गाठलं. दाजी दोनदा न्यायला आले, पण ती ओसरीवरसुद्धा आली नाही. आईला वाटू लागलं, की हे लग्न आता मोडतंय. मला दाजींचा भयंकर राग आला होता, आणि त्यांची दयाही येत होती.

मेळ्याच्या आधी दाजी मला गाठून म्हणाले, "माझ्यासाठी एक पद लिवा. ती बायकांत ऐकायला येणार." मला लगेच शंका आली, की हा माणूस पदातून पाळत ठेवणार. तरी मी लिहिलं. सांजवेळ, वारा, तुझी आठवण, सगळं घातलं. दाजींनी ते ऐकून तोंड वाकडं केलं. "ही सांज कुनाच्याबी बायकोची असंल. तिला कसं कळायचं, ही तिचीच हाय?"

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते अक्काला कासाराकडे घेऊन गेले होते. भरताना एक बांगडी फुटली. कासाराने दुसरी खपवायला मुद्दाम फोडली, असा दाजींना संशय आला, आणि अक्का तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला हुरूप आला. मी तारीख, वार, कासाराचं नाव, बांगडीचा भाव, सगळं चार ओळींत कोंबलं. दाजी म्हणाले, "हे पद हाय का पंचनामा? एक टाइम, एक दुकान. बाकीचं तिला आठवू द्या की." उरलं ते इतकंच:

पाचचा भोंगा झाला तेव्हा
कासाराच्या दुकानात
एक बांगडी फुटली आणि
हसू तुझ्या डोळ्यांत

भोंगा नक्की पाचचाच ना, असं मी विचारलं. दाजी डाफरले, "माझ्यावर संशय घेता व्हय?"

मेळ्यात पद सुरू झालं, तेव्हा दाजी मांडवाच्या खांबाआड उभे होते. पहिली ओळ होताच माझी नजर अक्काकडे गेली. ती ताठ बसली. "कासाराच्या दुकानात" आलं आणि तिचा हात आपोआप मनगटावर गेला. पद संपायच्या आत ती उठली, बायकांतून वाट काढत थेट खांबापाशी आली, आणि इतक्या महिन्यांनी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"पाचचा न्हाई, तिनाचा व्हता भोंगा! पाचला आपन घरी च्या पीत व्हतो. तुमी बांगडीचं तुकडं जुळवून बघत व्हता."

"मला तर पाचचाच आठवतो," दाजी खाली मान घालून म्हणाले.

"कसला आठवतो! चला घरी, दावते. तुकडं अजून डब्यात हायेत."

ती त्यांच्याबरोबर गेली. पेटी मी दुसऱ्या दिवशी पोचवली.

मला मात्र त्यानंतर चैन पडेना. कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस भोंगा चुकेल कसा? पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना खोदून खोदून विचारलं. दरवेळी ते डोळे बारीक करून म्हणत, "अक्कानं धाडलं का विचारायला?" ते गेले, आणि उत्तरही त्यांच्याबरोबर गेलं. मला त्यांची फार आठवण येते.

अक्का आता थकली आहे. दुपारी तीनचा भोंगा झाला, की ती हातातलं काम थांबवते, मनगटावरून हात फिरवते आणि स्वतःशीच म्हणते, "पाचचा म्हनं!"