तहान मारणारा माणूस

आमचे हे बसचालक. वाटेत लघवीला थांबता येत नाही, म्हणून जन्मभर तहान मारत आले. केमो सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गाठी झपाट्याने विरघळतील, त्यातून युरिक ॲसिड वाढून मूत्रपिंडं तुंबतील. ही गोळी चुकवू नका आणि भरपूर पाणी प्या." गोळी मी समोर उभं राहून द्यायची. पाण्याचं विचारलं की, "आत्ताच प्यायलो गं!" आणि बाटली बेसिनमध्ये ओतून मोकळे!

मानेवरची गाठ बघता बघता ओसरली. आम्ही हरखलो. मग लघवीच बंद झाली.

आता डायलिसिस चालू आहे. अंगात पाणी साचतंय, म्हणून घोट मोजून द्यायचा. आणि हा माणूस माझं मनगट धरून विनवतोय, "अगं, पाणी दे ना."